झूमच्या बैठकीत दोन आवाज ऐकताना : एनव्हीडीए आणि कीबोर्डचा काही महिन्यांचा अनुभव

मी पूर्णपणे दृष्टिहीन असून कोथरूडच्या घरातून हडपसर येथील एका कंपनीच्या हिशेब विभागाचे काम करते. आमच्या विभागाच्या सर्व बैठका झूमवर होतात. त्यांत मी विंडोजच्या लॅपटॉपवर, स्क्रीनवरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरच्या साहाय्याने आणि केवळ कीबोर्ड वापरून भाग घेते. बैठकीत प्रवेश करणे तुलनेने सोपे आहे. मेलमधील दुव्यावर एन्टर दाबावा, ब्राउझरने विचारल्यावर झूम उघडण्यास संमती द्यावी आणि यजमानाने आत घेईपर्यंत थांबावे, एवढेच ते काम आहे. संगणकाचा ध्वनी आपोआप जोडला जावा आणि प्रवेश करताना माइक बंद असावा, हे दोन पर्याय झूमच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये एकदा निवडून ठेवले की त्यानंतर दर वेळी वेगळी खिडकी शोधावी लागत नाही.

खरी कसोटी प्रवेशानंतर सुरू होते, कारण सहकाऱ्यांचे बोलणे आणि स्क्रीन रीडरचे बोलणे एकाच वेळी कानांवर पडते. साहेब आकडे विचारत असतात आणि त्याच क्षणी एनव्हीडीए कोणाचा तरी संदेश वाचू लागतो. अशा वेळी दोहोंपैकी एकही धड कळत नाही. आवाज कमी-जास्त करून हा प्रश्न सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. तो सुटला एनव्हीडीएच्या 2024.2 या आवृत्तीत आलेल्या ध्वनिविभाजनामुळे. NVDA ची कळ म्हणजे सहसा इन्सर्ट. NVDA+Alt+S दाबले की एनव्हीडीएचा आवाज डाव्या कानात आणि इतर सर्व प्रोग्रामांचा आवाज उजव्या कानात जातो. माणसे एका बाजूला आणि यंत्र दुसऱ्या बाजूला असले की लक्ष कोठे द्यायचे हे आपल्याला ठरवता येते. पहिले काही दिवस डोके जड होते. नंतर मात्र याची इतकी सवय होते की विभाजनाशिवाय बैठकीला बसणे मला आता नको वाटते.

या सोयीसाठी हेडफोन मात्र तारेचा असावा. नेहमीच्या ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की तो संभाषणाच्या पद्धतीत जातो, त्याचा ध्वनी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखा, होतो आणि दोन्ही आवाज पुन्हा दोन्ही कानांत मिसळतात. गाणे ऐकताना डावे-उजवे नीट वेगळे येते आणि बैठक सुरू होताच ते बिघडते, ही या दोषाची खूण आहे. तारेचा हेडफोन असूनही आवाज मिसळत असतील, तर विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू राहिलेला नाही ना, हे पाहावे.

दुसरा महत्त्वाचा भाग माइकचा आहे. Alt+A ने माइक सुरू किंवा बंद होतो आणि झालेला बदल स्क्रीन रीडर सांगतो. परंतु मूळ मांडणीत ही कळ झूमची खिडकी समोर असतानाच चालते, आणि मी तर बहुतेक वेळ एक्सेलमध्ये असते. एक्सेलमध्ये Alt+A दाबले तर माइक तसाच राहतो आणि डेटाची पट्टी उघडते. यासाठी झूमच्या कीबोर्ड शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये माइकच्या ओळीत Enable Global Shortcut हा चौकोन निवडावा. मग कोणतीही खिडकी समोर असली तरी Alt+A झूमलाच मिळते. एक्सेलची डेटा पट्टी हवी असेल, तर Alt दाबून सोडावे आणि त्यानंतर A दाबावे. दोन्ही कळा एकत्र दाबल्या जात नसल्यामुळे येथे गोंधळ होत नाही.

झूममध्ये स्पेसबार दाबून धरून तेवढ्यापुरते बोलण्याचीही सोय आहे आणि "हो, पाठवते" एवढ्या उत्तरासाठी ती उत्तम आहे. मात्र ती झूमची खिडकी समोर असतानाच वापरावी. एक्सेलच्या घरात उभे राहून स्पेस दाबला तर त्या घरातील आकडा पुसून तेथे रिकामी जागा टाइप होऊ लागते. असे झाल्यास एस्केप दाबताच जुना आकडा परत येतो.

माइक या क्षणी सुरू आहे की बंद, हे तो न बदलता जाणून घ्यायचे असेल, तर झूमच्या खिडकीत येऊन Ctrl+Alt+Shift दाबावे, म्हणजे फोकस बैठकीच्या नियंत्रणांवर जातो, आणि मग टॅबने माइकच्या बटणावर यावे. बटणाच्या नावातच सद्यःस्थिती ऐकू येते. गणेशोत्सवापूर्वी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो आणि आमच्या घरापर्यंत तो ऐकू येतो, तेव्हा या पडताळणीचे मोल मला फार जाणवते.

महिन्याच्या खर्चाचा आढावा मला सादर करायचा असतो, तेव्हा माझी पद्धत अशी असते. बैठकीपूर्वी एक्सेलमध्ये शीर्षकांच्या ओळीतील पहिल्या घरावर जाऊन NVDA+Shift+C आणि बाबींच्या स्तंभातील पहिल्या घरावर जाऊन NVDA+Shift+R दाबते, त्यामुळे खाली-वर किंवा आडवे जाताना बाब आणि महिना आकड्याबरोबर आपोआप वाचले जातात. झूमच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात स्क्रीन रीडरला दिल्या जाणाऱ्या सूचनांची यादी आहे. तिच्यातील बहुतेक सूचना मी बंद केल्या आहेत आणि यजमानाने माइक बंद केल्याची तसेच खासगी संदेशाची सूचना तेवढी ठेवली आहे. माझी पाळी आली की Alt+A दाबते, डाव्या कानात "वाहतूक, ऑगस्ट" आणि आकडा ऐकते, क्षणभर थांबते आणि मगच बोलते. ऐकता ऐकता त्याच वेळी बोलू लागले की जीभ अडखळते. म्हणून वाचनाचा वेग वाढवून, एक घर ऐकायचे, ते बोलायचे आणि मग पुढे जायचे, हीच लय मी पक्की केली. ब्रेल डिस्प्ले असल्यास आकडे बोटांनी वाचता येतात आणि कान मोकळे राहतात, पण त्याची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी NVDA+S ने वाचन मागणीनुसार या अवस्थेत नेते. 2024.1 पासून उपलब्ध असलेल्या या अवस्थेत एनव्हीडीए स्वतःहून बोलत नाही, मात्र NVDA+Tab किंवा NVDA+T ने विचारल्यास उत्तर देतो. कोण बोलत आहे ते आवाजावरून ओळखले नाही, तर झूममध्ये Ctrl+2 ने बोलणाऱ्याचे नाव कळते; मात्र त्यासाठी वाचन पुन्हा नेहमीच्या अवस्थेत आणणे मला खात्रीचे वाटते.

स्वतःची स्क्रीन दाखवताना ध्वनीही पाठवण्याचा पर्याय निवडलेला नाही, याची खात्री करावी. तो निवडला असेल तर एनव्हीडीएचे भरभर बोलणे संपूर्ण बैठकीला ऐकू जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण आपल्या कानात सर्व नेहमीसारखेच असते. "ताई, मागे कोणी बोलतंय का?" असे एखाद्या सहकाऱ्याने विचारले, तर प्रथम हेच तपासावे.

इतरांनी दाखवलेली स्क्रीन मात्र कोणत्याही कळेने वाचता येत नाही. आपल्यापर्यंत ती चित्ररूपात पोहोचते, तीत स्क्रीन रीडरला दिसेल असा मजकूरच नसतो. NVDA+R ने विंडोजची अक्षरओळख चालवल्यास ठळक इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो, पण तक्त्यातील रकाने विस्कटतात आणि सादर करणाऱ्याने पान उलटताच वाचलेले निरुपयोगी ठरते. म्हणून आमच्या विभागात मी विनंती करून ठेवली आहे की सादरीकरणाची फाइल बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मेलने यावी आणि बोलणाऱ्याने पानाचा क्रमांक तोंडाने सांगावा. फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडी असली की "पान 6" ऐकताच मीही त्याच पानावर असते आणि त्यावरील बेरीज चुकलेली असेल तर ती मीच प्रथम सांगते.