वचन घ्यावं की स्वतःचं वाक्य लिहावं?

दहा-पंधरा जणांच्या सेवाकार्याला व्हिजन आणि मिशन लिहायचं असेल, तर माझ्या मते दोनच मार्ग विचारात घ्यावेत : पवित्र शास्त्रातलं एखादं वचन जसंच्या तसं घेणं, किंवा स्वतःचं छोटं वाक्य लिहिणं. ‘सर्वांगीण कल्याणासाठी कटिबद्ध’ अशा धाटणीचा परिच्छेद मी धरतच नाही. तो लिहिणाऱ्यालाही पाठ होत नाही.

आमचं काम मिरजेत, रुग्णभेटीचं. सांगली-कोल्हापूरकडून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक इथे उपचाराला येतात. पहिल्यांदा आम्ही मत्तय 25:36 घेतलं. आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याचा उल्लेख त्यात आहे, सगळ्यांना ते लहानपणापासून पाठ आहे, आणि त्याच्या शब्दांवर कोणी हरकत घेत नाही. वेगवेगळ्या मंडळ्यांमधली माणसं एकत्र येणार असतील, तर ही मोठीच सोय.

अडलं ते पैशाच्या बैठकीत. त्याच वचनात उघड्याला वस्त्र देणं आहे आणि तुरुंगातल्याला भेटणंही आहे. त्यामुळे कोणी ब्लँकेटवाटप सुचवलं, कोणी कैद्यांची भेट, आणि प्रत्येकाचं बोट त्याच वचनावर. कोणीही चुकीचं बोलत नव्हतं. पण तुटपुंज्या निधीतून आधी काय करायचं, हे ठरवायला वचनाची काहीच मदत होईना. दर बैठकीला तोच वाद. माझं मत तिथेच बदललं.

मग वाक्य लिहिलं. व्हिजन : ‘मिरजेत उपचाराला आलेलं कोणी एकटं पडू नये.’ मिशन : ‘भेटू, जेवू घालू, विचारून प्रार्थना करू.’ क्रम मुद्दाम संध्याकाळच्या कामाचाच ठेवला : आधी वॉर्डात भेट, मग बाहेर बसलेल्या नातेवाइकाला डबा, मग प्रार्थना. हाताला सवय असलेला क्रम तोंडातही बसतो, असा निदान आमचा अनुभव. पहिल्या मसुद्यात ‘ख्रिस्ताच्या प्रीतीने, निःस्वार्थपणे’ हेही होतं. काही आठवड्यांनी उपासनेनंतर, मसुदा लिहिण्यात नसलेल्यांना कागद न दाखवता वाक्य म्हणायला सांगितलं. बहुतेकांचे हेच शब्द गळत होते, म्हणून ते काढले. ज्येष्ठांना ते रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पटतं : आपल्या वाक्याला वचनाचा अधिकार नसतो. म्हणून वचनाचा संदर्भ खाली छापला.

तुमचं काम एकच असेल आणि त्यावर मतभेद नसतील, तर वचन पुरेल. काम बदललं तरी ते बदलावं लागत नाही, आमचं वाक्य मात्र लागेल. पण निधी कमी आणि सूचना फार असतील, तर स्वतःचं वाक्य लिहा, असंच मी म्हणेन. ‘विचारून’ हा शब्द तर नव्या स्वयंसेवकांच्या फारच उपयोगी पडतो. खाटेशी गेल्यावर ते आधी ‘प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारतात, आणि नको म्हटलं तर बसून नुसतं बोलतात.