आट्याची चावी: खानापूरच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

हे घड्याळ ऑटोमॅटिक आहे, पाण्यासाठी दोनशे मीटरचं. बाकी माहिती डब्यावर सगळ्यांनी वाचलेलीच असते, म्हणून मी फक्त चावीबद्दल लिहितो. घेतलं तेव्हा ही आटे पाडलेली चावी मला नसता व्याप वाटली होती. वेळ लावायची तर आधी आटे सोडवा आणि मग पुन्हा फिरवून बसवा, एवढं कोण करणार? खानापूरकडचा जून-जुलै बघितल्यावर माझं मत बदललं. लावणीला दिवसभर हात चिखलपाण्यात होते, पण काचेच्या आत कधी वाफ धरली नाही.

भांडण झालं ते सर्व्हिसवरून. घड्याळ पुढे पळत होतं, म्हणून वॉरंटीत बेळगावच्या सर्व्हिस सेंटरला दिलं. परत घेताना काउंटरवरच चावीवरून नख फिरवलं. एका बाजूला चावी घड्याळाच्या केसला टेकलेली होती आणि दुसऱ्या बाजूला बारीक फट होती. पोरगा म्हणाला, "घट्ट बसलीय की सर." घट्ट होतीच, पण आटे वाकडे चढल्यामुळे. चावीच्या आत रबरी रिंग असते. ती सगळीकडून सारखी दाबली गेली तरच पाणी अडतं. चावी तिरकी बसली की एका बाजूची रिंग मोकळी राहते. वर जोर लावत राहिलं तर चावी जिच्यावर चढते त्या केसच्या नळीचे आटे झिजतात आणि मग चावी व नळी दोन्ही बदलायचा खर्च येतो.

मी त्याच्यासमोरच चावी सोडवली आणि नीट बसवून दाखवली. घड्याळ हातातून काढून घ्यायचं, कारण मनगटावर असताना चावीवर तिरका जोर येतो आणि आतली दांडी वाकू शकते. चावीच्या टोकाकडून बघितलं तर काट्यांच्या उलट दिशेनं फिरवली की आटे सुटतात आणि स्प्रिंगमुळे चावी थोडी बाहेर येते. काम झालं की बाहेर ओढलेली चावी आधी पूर्ण आत ढकलायची. मग ती केसकडे सरळ दाबून धरायची आणि लगेच पिळायची नाही. आधी उलट दिशेनं हळू फिरवायची. कुठेतरी ती किंचित खाली उतरल्यासारखी बोटाला कळते, म्हणजे दोन्हीकडच्या आट्यांची तोंडं जुळली. तिथून सुलट फिरवायची. आमच्या घरी बरणीचं झाकण असंच लावतात. सुरुवातीचे फेरे अगदी हलके जायला हवेत. पहिल्याच फेऱ्याला अडलं तर तिथंच थांबायचं, सोडवायचं आणि पुन्हा उलट फिरवून जुळवायचं. शेवटी चावी केसला टेकून थांबली की बोटांचा जोर बास. पक्कड लावली किंवा जास्त आवळलं तर रिंग चेपते आणि आटे झिजतात, त्यानं पाणी काही जास्त अडत नाही.

तशी बसवल्यावर फट गेली. तरी मी प्रेशर टेस्ट मागितली, तर त्याचे पैसे वेगळे म्हणे! मागचं झाकण तुम्ही उघडलं, मग टेस्टही तुम्हीच करून द्यायची, यावर मी अडून बसलो. शेवटी हवेच्या दाबाच्या मशीनवर टेस्ट झाली आणि घड्याळ पास झालं. पैसे दिले नाहीत.

आता चावी कमीत कमी उघडतो. घड्याळ रोज हातात असेल तर ते चालू राहतं, आणि तारीख फक्त तीस दिवसांच्या महिन्यांनंतर आणि फेब्रुवारीनंतर बदलावी लागते. म्हणजे वर्षातून पाचदा: १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ डिसेंबर. यातली १ जुलै आमच्याकडे ऐन लावणीत येते, म्हणून तेवढी घरात बसून करायची. चावी बंद असतानाच तिच्या खाचेतला चिखल साध्या पाण्यानं धुवायचा, कापडानं कोरडी करायची आणि मगच सोडवायची. वाळूचा एक कण आट्यात गेला तरी तो दोन्हीकडचे आटे खरवडतो. रात्री नऊ ते पहाटे तीन तारखेला हात लावत नाही, कारण त्या वेळात बऱ्याच यंत्रांचे तारखेचे दाते आधीच एकमेकांत अडकलेले असतात.

एक गोष्ट मात्र चावी कितीही नीट बसवली तरी सुटत नाही. बंबाच्या कढत पाण्यानं आंघोळ करताना घड्याळ काढूनच ठेवतो. उष्णतेनं धातू आणि रबर सारखे फुगत नाहीत, आणि साबणाचं पाणी रिंगला चांगलं नाही. दोनशे मीटरची टेस्ट थंड पाण्याच्या स्थिर दाबाची असते, न्हाणीघराची नव्हे. रिंगही कालांतरानं कडक होते. म्हणून पुढच्या मेमध्ये, पाऊस लागायच्या आधी, रिंगा बदलून पुन्हा प्रेशर टेस्ट करणार आहे. त्या वेळी वॉरंटी संपलेली असेल, तेव्हा त्याचे पैसे मीच देईन. पण घड्याळ हातात घेताना चावीवरून नख फिरवल्याशिवाय काउंटरवरून हलणार नाही.