फ्लश व्हॉल्व्ह 14 महिने वापरून: व्हॉल्व्हला शिव्या दिल्या, चोर पाइप निघाला

आमचं छोटं मंगल कार्यालय आहे, यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. खाली पाहुण्यांसाठी 6 संडास अन् वर जानोशाच्या खोल्यांना 2. आधी सगळीकडे प्लास्टिकच्या टाक्या होत्या अन् दर लगनसराईत त्यातल्या दोन-तीन मोडायच्याच, कोणी बटण दाबून दाबून आत घुसवलं, कोणी झाकणच काढून नेलं (झाकणाचं काय करतात देव जाणे). म्हणून मागच्या वर्षी आठही ठिकाणी 32 मिमीचे फ्लश व्हॉल्व्ह बसवले, एकेक तीन हजारांच्या आसपास पडला. टाकी भरायची वाट पाहा हा प्रकारच नाही, एक माणूस निघाला की दुसऱ्यानं लगेच दाबावं. पंगत उठल्यावर संडासापुढे जी लाइन लागते ती ज्यानं पाह्यली त्याला याची किंमत कळते.

पहिल्या लग्नातच इज्जत गेली. दाबलं की सुरुवातीला जोरात यायचं अन् मग नुसती धार, घाण तिथल्या तिथं फिरून राह्यली. दोघांनी एकदम दाबलं तं तिसऱ्याकडे काहीच नाही. वरपक्षाचे एक मामा बादली मागत फिरून राह्यले होते, अन् बादल्या सगळ्या आचाऱ्याकडे.

तेव्हा मी दहा जणांना सांगितलं की माल भंगार आहे. दुकानदाराशी भांडलो. कंपनीचा माणूस तीन फोन केल्यावर आला, एक व्हॉल्व्ह खोलला, पुसला, परत लावला अन् म्हणे "काका, तुमच्याकडे प्रेशर कमी आहे, पंप लावा." पंपाचं कोटेशन 18 हजार. मी म्हटलं, बाप्पा, टाकी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, तेही स्टँडवर, अजून किती उंच न्यायची?

त्या भांडणातली माझी बाजू आता अर्धी मागे घेतो. प्रेशर कमी होतं हे खरंच, पण ते टाकीमुळे नव्हतं.

डब्यातल्या कागदावर किमान 0.5 बार लिहिलेलं होतं. 1 बार म्हणजे साधारण 10 मीटर उंचीचं पाणी, म्हणजे 5 मीटर उंची पाहिजे. आमच्या टाकीतल्या पाण्यापासून खालचा व्हॉल्व्ह 8 मीटर खाली, म्हणजे 0.8 बार, भरपूर झालं. (अमेरिकेत ऑफिसांत अन् मॉलमध्ये जे असे व्हॉल्व्ह असतात त्यांना कमीत कमी 25 psi लागतं, म्हणजे साडेसतरा मीटर. तिथं थेट प्रेशरची लाइन असते, गच्चीवरच्या टाकीवर तो माल चालणार नाही. व्हिडिओ पाहून तिकडचा माल मागवू नका.) पण हे 0.8 बार पाणी उभं असतानाचं झालं, अन् संडास काही उभ्या पाण्यावर धुतला जात नाही.

हे मला समजावलं आमच्या गवंड्यानं, तेही फुकटात. त्याची ती पारदर्शक लेव्हल पाइप असते ना, तिचे दोन तुकडे जोडले, एक टोक शेवटच्या संडासातल्या जेटच्या अँगल कॉकला बांधलं (जेट त्याच लाइनवर आहे) अन् दुसरं टोक भिंतीवरून थेट गच्चीवर टाकीपाशी. कॉक उघडल्याबरोबर पाइपात पाणी चढत चढत टाकीच्या पाण्याच्या बरोबरीला जाऊन थांबलं. मग पोराला म्हणे दाब. पोरानं फ्लश दाबला अन् ते पाणी गच्चीवरून सरकन जे खाली आलं ते व्हॉल्व्हच्या वर जेमतेम 2 मीटरवर येऊन थांबलं, सोडलं की परत वर. 8 मीटर टाकीनं दिले अन् त्यातले 6 पाइपनं रस्त्यातच खाऊन टाकले. मी दहा वेळा दाबायला लावलं, विश्वासच बसेना.

काहून खाल्ले तं ऐका. टाकीवाला संडास अर्ध्या इंचाच्या पाइपावरही चालतो, त्याला पाच मिनिटांत हळूहळू भरायचं असतं. फ्लश व्हॉल्व्हला 6 लिटर पाणी 4 सेकंदांत पाहिजे, म्हणजे सेकंदाला दीड लिटर, मिनिटाच्या हिशेबानं 90. आमच्या प्लंबरनं टाकीपासून शेवटच्या संडासापर्यंत 25 मीटर एक इंची लाइन टाकली होती, "एक इंची टाकली ना काका, अर्ध्याचं काम एकात केलं" असं वर सांगून. एक इंची पाइपातून दीड लिटर जायचं म्हटलं तं दर मीटरला जवळपास 37 सेंटिमीटर उंची घासण्यात जाते, 25 मीटरला सव्वानऊ मीटर. आमच्याकडे आहेतच 8! म्हणून पाणी आपोआप कमी येत होतं. तेच दोन इंची पाइपात मीटरला सव्वा सेंटिमीटरच जातो, 25 मीटरला एक वीतभर अन् थोडं जास्त. पाइप दुप्पट केला तं घासणं अर्धं होत नाही, जवळपास तिसावा हिस्सा होतं. हा आकडा प्लंबरला दाखवला तं तो म्हणे "माहीत होतं, पण तुम्हीच म्हटलं होतं खर्च कमी करा." म्हटलं होतं, हे खरं आहे.

अन् तो 18 हजारांचा पंप? त्याच्यावर मिनिटाला 40 लिटर लिहिलेलं होतं. व्हॉल्व्ह मागते 90. लाइट गेली तं तेही नाही, अन् आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्तालाच लाइट जाते.

दिवाळीनंतर टाकीपासून खालपर्यंत दोन इंची लाइन टाकली, प्रत्येक संडासाला दीड इंची फाटा, अन् व्हॉल्व्हच्या अगदी तोंडाशी 32. मजुरीसकट पंपापेक्षा थोडं कमीच लागलं. गवंड्याला परत बोलावलं, लेव्हल पाइप परत बांधली. या वेळी पाणी मीटर-सव्वा मीटरच खाली आलं, ते एल्बो अन् कॉकमुळे. दोघांनी एकदम दाबलं तरी दुसरा व्हॉल्व्ह मरत नाही. मेमध्ये 11 लग्नं झाली, खालच्या सहापैकी एकाचीही तक्रार नाही. व्हॉल्व्ह चांगला आहे हो, मी विनाकारण बदनाम केला.

एक खोड मात्र आहे अन् ती पाइपानं जात नाही. व्हॉल्व्ह बंद होतो तो पाण्याच्याच दाबानं, आत एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी वर जमतं अन् पडदा खाली बसतो. टाकी रिकामी असताना कोणी दाबून ठेवलं तं तो उघडाच राहतो, मग मोटर लावा, पाणी वर जाऊन खाली वाहून जाते अन् टाकी काही भरत नाही. एप्रिलमध्ये टँकरचं अर्धं पाणी असं गेलं तेव्हा कळलं. मोटर चालू अन् टाकी भरेना असं दिसलं की संडासात जाऊन आवाज ऐकायचा, त्या व्हॉल्व्हचा कॉक बंद करायचा, टाकी भरू द्यायची, मग हळूच उघडायचा. तरी वाहतच असेल तं त्या भोकात कचरा किंवा क्षार बसला समजा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, चार महिन्यांनी पडदा काढून धुवावाच लागतो, सुई घालायची नाही, भोक मोठं झालं की फ्लश लवकर तुटतो.

वरच्या दोन संडासांचं काही झालं नाही. तिथं टाकीतल्या पाण्यापासून व्हॉल्व्ह 4.4 मीटरच खाली, म्हणजे पाइप कितीही जाड टाका, 0.5 बार मुळात मिळतच नाही. कमी उंचीसाठी 40 मिमीचा व्हॉल्व्ह येतो म्हणे, पण मी परत पैसे घातले नाहीत, जानोशात पुन्हा प्लास्टिकच्या टाक्या लावल्या. एकाचं झाकण जूनमध्येच गेलं.

वरचे काढलेले दोन व्हॉल्व्ह डब्यासकट पडून आहेत. ज्याची टाकी व्हॉल्व्हपासून 6-7 मीटर वर आहे अन् लाइन दोन इंची आहे त्यानं विचारावं, अर्ध्या किमतीत देतो. एक इंचीवाल्यांनी विचारू नये.