क्रिप्टोच्या इंट्राडेसाठी डेली पिव्होट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बिटकॉइन आणि इथरच्या पर्पेच्युअलमध्ये, १५ मिनिटांच्या चार्टवर डेली पिव्होट लावून मी गेले काही महिने इंट्राडे करतो आहे. ते वापरणं सोडायचा विचार नाही, पण आता ते रोज लावत नाही. कोणत्या दिवशी या रेषांकडे बघायचं आणि कोणत्या दिवशी त्या बंद ठेवायच्या, हे बहुतेक वेळा दिवस सुरू होतानाच कळतं. माझ्या मते या साधनाचा सगळा फायदा त्या एका निर्णयावर अवलंबून आहे, म्हणून लिहिणार आहे तेही मुख्यतः त्याबद्दल.

सूत्र बहुतेकांना माहीत असतं, तरी पुढचं बोलणं त्यावरच आहे म्हणून देतो. H, L आणि C म्हणजे कालचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव.

```
P  = (H + L + C) / 3
R1 = 2*P - L
S1 = 2*P - H
R2 = P + (H - L)
S2 = P - (H - L)
R3 = H + 2*(P - L)
S3 = L - 2*(H - P)
```

आता R1 मधून S1 वजा करून बघा. P निघून जातो आणि उरतं H - L, म्हणजे कालची रेंज. बंद भाव कुठेही असो, R1 ते S1 हा पट्टा कालच्या रेंजइतकाच रुंद राहतो. बंद भावामुळे तो फक्त वर किंवा खाली सरकतो. थोडक्यात, आजचा दिवस साधारण कालच्याइतकाच हलेल असं हे साधन गृहीत धरतं. हे गृहीतक खरं ठरतं तेव्हा पिव्होट फार छान चालतो. ते मोडतं तेव्हा चार्टवर नुसत्या रेषा उरतात.

आधी चाललेला दिवस बघू. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. काल बिटकॉइनचा उच्चांक ६४,८००, नीचांक ६२,४०० आणि बंद भाव ६३,९०० डॉलर. तिघांची बेरीज १,९१,१००, म्हणून P येतो ६३,७००. R1 = ६५,०००, S1 = ६२,६००, R2 = ६६,१००, S2 = ६१,३००. कालची रेंज २,४०० डॉलर. १४ दिवसांचा एटीआर २,३०० आहे असं धरू, म्हणजे कालचा दिवस सरासरीच्या जवळचा होता. अशा दिवशी भाव ६३,९०० वरून सुरू होऊन हळूहळू P कडे उतरतो, ६३,७०० च्या आसपास दोन-तीन कॅण्डल खालच्या बाजूला विक टाकून वर बंद होतात, तेव्हा मी लॉंग घेतो. एंट्री समजा ६३,७८०, स्टॉपलॉस ६३,४८०, टार्गेट R1 च्या थोडं आधी ६४,९००. जोखीम ३०० डॉलरची, समोर जागा १,१२० ची. शिवाय R1 नेमका ६५,००० या गोल आकड्यावर बसला आहे. तिथे विकणाऱ्यांच्या ऑर्डर एरवीही साचतात, त्यामुळे टार्गेट त्याच्या आत ठेवणं शहाणपणाचं.

आता अगदी कमी हललेल्या दिवसानंतरचं बघू. शनिवारी असं वारंवार होतं. उच्चांक ६४,२५०, नीचांक ६३,७५०, बंद ६४,०००. P येतो ६४,०००, R1 ६४,२५० आणि S1 ६३,७५०. बंद भाव बरोबर मधोमध आल्यामुळे R1 आणि S1 हे कालचे उच्चांक-नीचांकच ठरले, नवीन काहीच मिळालं नाही. R2 ६४,५०० आणि R3 ६४,७५०; खाली S2 ६३,५०० आणि S3 ६३,२५०. सगळ्या रेषा अडीचशे-अडीचशे डॉलरवर. रविवारी भाव ६३,२०० ते ६४,९०० एवढा फिरला तरी एकूण हालचाल १,७०० ची, म्हणजे सरासरीपेक्षा कमीच. तरीही सहाच्या सहा रेषा ओलांडल्या जातात. R1 वर शॉर्ट करणारा, मग R2 वर पुन्हा शॉर्ट करणारा, दोघेही त्या दिवशी उडतात. त्यात शुल्क आहेच. आत-बाहेर मिळून ०.१ टक्का धरलं तरी ६४,००० वर ६४ डॉलर जातात. R1 पासून P पर्यंतचा सगळा नफा अडीचशेचा, म्हणजे चौथा हिस्सा शुल्कातच गेला.

उलट टोकालाही तेच. काल पडझड झाली: उच्चांक ६६,०००, नीचांक ५८,५००, बंद ६०,०००. P येतो ६१,५००, R1 ६४,५००, S1 ५७,०००. रेंज ७,५००, सरासरीच्या तिपटीहून जास्त. अशा मोठ्या दिवसानंतर बाजार पुष्कळदा दमलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो ५९,००० ते ६१,२०० मध्ये घुटमळला, तर एकाही रेषेला हात लागत नाही. या दिवशी नुकसान होतं ते वाट बघण्यातून. चार्टवर लेव्हल दिसत असतात, म्हणून माणूस S1 च्या आशेवर बसून राहतो किंवा रेषेपासून दूर, अधांतरी कुठेतरी एंट्री मारतो.

म्हणून माझी सध्याची चाळणी साधी आहे: कालची रेंज भागिले त्याआधीच्या १४ दिवसांचा एटीआर. उत्तर ०.७ ते १.५ च्या दरम्यान असेल तर पिव्होट चालू. त्याखाली असेल तर डेली रेषा बंद करून आठवड्याचे पिव्होट लावतो. त्यावर असेल तर फक्त P ठेवतो, बाकी सगळ्या काढतो. या सीमा मी माझ्या दोन जोड्यांवर बघून ठरवलेल्या आहेत. दुसऱ्या नाण्यावर त्या स्वतः तपासून घ्याव्या लागतील.

दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही असं मला वाटतं: ओपन P च्या वर की खाली, यावरून दिवसाचा कल ठरवायची पद्धत. पिव्होट हे साधन मुळात फ्लोअरवरच्या ट्रेडरांचं. तिथे बाजार बंद व्हायचा, मधल्या वेळात बातम्या यायच्या आणि दुसऱ्या दिवशीचं ओपन काहीतरी नवं सांगायचं. क्रिप्टोत बाजार थांबतच नाही. आजचं ओपन म्हणजे कालचाच बंद भाव, फार तर एखाद-दुसऱ्या टिकचा फरक. आणि बंद भाव P च्या वर असणं याचा गणिती अर्थ एवढाच, की तो कालच्या रेंजच्या मध्यबिंदूच्या वर होता. ते तर कालच दिसलं होतं. म्हणून ‘ओपन पिव्होटच्या वर, आज फक्त लॉंग’ हा नियम मी क्रिप्टोत वापरत नाही. त्याऐवजी पहिले काही तास जाऊ देतो आणि भाव P वर परत आल्यावर तिथे काय करतो ते बघतो.

याच मुळातून दिवसाच्या सीमेचा प्रश्न येतो. बहुतेक एक्सचेंजवर दैनिक कॅण्डल यूटीसी मध्यरात्री बदलते, पण ती वेळ म्हणजे बाजार बंद होण्याची वेळ नव्हे. वरचाच पहिला दिवस घ्या. समजा रात्री नऊपर्यंत नीचांक ६३,१०० होता आणि नऊला भाव ६४,३०० होता. ६२,४०० पर्यंतची घसरण नऊनंतर झाली आणि मध्यरात्रीपर्यंत भाव ६३,९०० ला सावरला. दिवस नऊला तोडणाऱ्याचा P येतो सुमारे ६४,०६७, आपल्यापेक्षा ३६७ डॉलर वर. त्याचा S1 ६३,३३३, आपला ६२,६००. R1 मात्र दोघांचाही ६५,००० च्या आसपास. यावरून मी एक सवय लावून घेतली आहे: मध्यरात्रीच्या आधी तीन-चार तासांत दिवसाचा उच्चांक किंवा नीचांक बनला असेल, तर सीमा बदलून पुन्हा हिशोब करतो. जी लेव्हल दोन्ही हिशोबांत जवळपास तीच राहते, तिच्यावरच भरवसा. जी शेकडो डॉलरनं सरकते ती सोडून देतो. मध्यरात्रीनंतरचा पहिला तासही टाळतो. अनेक पर्पेच्युअलवर फंडिंगची वेळ तीच असते, आणि नव्या रेषा नुकत्याच आलेल्या असताना भाव त्यांच्याभोवती विनाकारण उड्या मारतो.

दिवस चालू असताना पिव्होट निकामी होतो तो दोन प्रसंगी. एक, ठरलेल्या मोठ्या बातम्या. अमेरिकेच्या महागाईचा आकडा न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी ८:३० ला येतो आणि फेडचा व्याजदराचा निर्णय दुपारी २ ला. त्यानंतरची पहिली कॅण्डल P च्या दोन्ही बाजूंना जाऊन येऊ शकते. रेषेच्या जवळचे स्टॉपलॉस दोन्हीकडचे उडतात. या वेळेआधी मी पोझिशन मोकळी करतो, आणि नंतरचा अर्धा तास रेषांकडे बघत नाही.

दुसरा प्रसंग लिक्विडेशनच्या साखळीचा. भाव पडतो, जास्त लीव्हरेज घेतलेले लॉंग एक्सचेंजकडून सक्तीनं विकले जातात, त्या विक्रीनं भाव आणखी पडतो आणि पुढचे लॉंग कापले जातात. हा विकणारा S1 बघून थांबत नाही, कारण तो निर्णय घेऊन विकतच नसतो. हे ओळखायच्या दोन खुणा मला उपयोगी पडल्या. ओपन इंटरेस्ट भावाबरोबरच वेगानं खाली येत असतो, आणि १५ मिनिटांची एकच कॅण्डल S1 आणि S2 मधल्या अंतराच्या निम्म्याहून मोठी होते. वरच्या पहिल्या दिवशी ते अंतर १,३०० होतं. म्हणजे साडेसहाशे डॉलरची एक लाल कॅण्डल दिसली की S2 वर खरेदीची ऑर्डर लावून ठेवलेली असेल तर ती आधी काढून घ्यायची. ओपन इंटरेस्ट घसरायचा थांबेपर्यंत पुन्हा लावायची नाही.

छोट्या नाण्यांवर मी डेली पिव्होट वापरणं जवळजवळ सोडलं आहे, आणि कारण सूत्रातच आहे. दोन डॉलरच्या एखाद्या नाण्यात खरी खरेदी-विक्री २.०९ पर्यंतच झाली, पण एका एक्सचेंजवर पातळ ऑर्डर बुकमुळे २.३० ची विक उमटली. चुकीचे २१ सेंट H मध्ये शिरले. त्यामुळे P ७ सेंटनं, R1 १४ सेंटनं आणि R2 तब्बल २८ सेंटनं वर जातो. S1 आणि S2 उलट खाली सरकतात. दोन डॉलरच्या नाण्यात २८ सेंट म्हणजे १४ टक्के. अशा वेळी दोन-तीन एक्सचेंजचे उच्चांक ताडून बघावे लागतात, आणि ते जुळत नसतील तर त्या दिवशी त्या नाण्यावर पिव्होट नाही.

सेटिंगबद्दल एक गोष्ट. ट्रेडिंगव्ह्यूवरच्या Pivot Points Standard मध्ये Pivots Timeframe हा पर्याय Auto वर असतो. १५ मिनिटांपर्यंतच्या चार्टवर Auto दैनिक पिव्होट दाखवतो, पण ३० मिनिटं किंवा तासाच्या चार्टवर गेलात की तोच आठवड्याचे पिव्होट दाखवू लागतो. रेषांची नावं तीच राहतात, P, R1, S1, त्यामुळे बदल चटकन लक्षात येत नाही. तिथे Daily निवडून ठेवा, आणि आठवड्याचे हवे असतील तर तोच इंडिकेटर दुसऱ्यांदा वेगळ्या रंगात लावा.