५२, ५५ की ४६? न जुळणारं वेळापत्रक तपासण्याच्या तीन पद्धती

मावशीच्या घरावर एक मजला चढवायचा होता. ठेकेदाराने एका पानाचं वेळापत्रक दिलं आणि खाली ठळक लिहिलं, ‘एकूण ५२ दिवस’. मावशीने भाड्याचं घर २८ फेब्रुवारीपर्यंतच घेतलेलं, त्यामुळे तिचा जीव त्या आकड्यात अडकला होता. बांधकामाची वेळापत्रकं तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून कागद माझ्याकडे आला. साइट रविवारी बंद, शिवाय २६ जानेवारी आणि १९ फेब्रुवारी या दोन सुट्ट्या, एवढं त्यावरच लिहिलेलं होतं. वर्ष २०२६.

| काम | लिहिलेले दिवस | सुरुवात | शेवट |
|---|---|---|---|
| सेंटरिंग आणि सळई | १० | ५ जाने. | १५ जाने. |
| स्लॅब भरणं | १ | १६ जाने. | १६ जाने. |
| स्लॅबला पाणी मारणं, टेकू जागेवर | १४ | १७ जाने. | ३० जाने. |
| सेंटरिंग काढणं आणि वीटकाम | १२ | २९ जाने. | ११ फेब्रु. |
| प्लास्टर | १० | १२ फेब्रु. | २१ फेब्रु. |
| फरशी | ५ | २३ फेब्रु. | २८ फेब्रु. |

दिवसांच्या रकान्याची बेरीज ५२ येते. ५ जानेवारी ते २८ फेब्रुवारी, दोन्ही टोकं धरून, कॅलेंडरवर ५५ दिवस होतात. रविवार आणि दोन सुट्ट्या वगळल्या तर कामाचे दिवस ४६. म्हणजे ५२ हा आकडा कशाचाच कालावधी नाही. एकमेकांवर चढलेली कामं त्यात दोनदा मोजली आहेत आणि रविवार काही ओळींत मोजलेत, काहींत नाहीत. एकूण दिवस काढताना रकान्याची बेरीज करणं ही मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे, कारण बेरीज बरोबर असते आणि त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

असा कागद हातात आला तर तपासायचा कसा? तीन मार्ग आहेत: भिंतीवरच्या कॅलेंडरवर हाताने मोजणं, एक्सेलसारख्या तक्त्यात सूत्रं घालणं, किंवा प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं नव्याने मांडणं. तिघांना वेगवेगळ्या चुका सापडतात, आणि निवड त्यावरच करावी.

कॅलेंडर आणि पेन्सिल

मी पहिल्यांदा कालनिर्णय काढतो. आठ-दहा ओळींपर्यंत याहून चांगलं काही नाही, कारण इथे मोजता मोजता लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते कळतं. प्रत्येक ओळीसाठी तीन आकडे काढायचे: दोन्ही टोकं धरून कॅलेंडरचे दिवस, नुसती वजाबाकी, आणि सुट्ट्या सोडून कामाचे दिवस. मग लिहिलेला आकडा या तिघांतल्या कुणाशी जुळतो ते बघायचं.

वीटकामाची ओळ घ्या. २९ जानेवारी ते ११ फेब्रुवारी म्हणजे कॅलेंडरचे १४ दिवस, वजाबाकीने १३, कामाचे १२. लिहिलेत १२, म्हणजे इथे कामाचे दिवस धरलेत. फरशीचे कॅलेंडरनेही ६ आणि कामाचेही ६, पण लिहिलेत ५. ती सरळ २८ वजा २३ आहे, पहिला दिवस मोजायचा राहिला. प्लास्टरचे कॅलेंडरने १० आणि कामाचे फक्त ८. लिहिलेत १०, म्हणजे या एका ओळीत रविवार आणि १९ फेब्रुवारीची सुट्टी धरून मोजलंय. गवंडी त्या दिवशी येणार नाहीत हे त्याच कागदावर लिहिलेलं असताना!

एक सांभाळायचं. सेंटरिंगच्या ओळीत कामाचे दिवस १० आणि १५ वजा ५ हेही १०. एकाच ओळीवरून पद्धत ठरवली तर फसगत होते. निदान तीन ओळी मोजा, आणि त्यातली एक दोन रविवार ओलांडणारी घ्या.

पाणी मारण्याची ओळही कॅलेंडरने मोजलीय, १७ ते ३० जानेवारी बरोबर १४ दिवस. पण ती चूक नाही. काँक्रीट रविवारी आणि २६ जानेवारीलाही घट्ट होतच असतं आणि पाणी त्या दिवशीही मारावंच लागतं. आयएस ४५६ या भारतीय मानकात आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपेक्षा जास्त असलेल्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटसाठी निदान १४ दिवस ठेवायला सांगितलंय, अंतर त्याहून कमी असेल तर ७. हे दिवस कॅलेंडरचेच. तेव्हा एका कागदावर दोन प्रकारचे दिवस असणं चुकीचं नाही. कोणत्या ओळीत कोणते, हे लिहिलेलं नसणं चुकीचं आहे. हाताने मोजणाऱ्याला हा फरक आपोआप दिसतो.

हाताची मर्यादा मात्र लवकर येते. तीस-चाळीस ओळी झाल्या की नजर घसरते, आणि एक तारीख बदलली की सगळं पुन्हा मोजायचं.

एक्सेल किंवा गूगल शीट

ओळी जास्त असतील, किंवा ठेकेदार दर पंधरवड्याला सुधारित कागद पाठवणार असेल, तर तक्ता करा. दिवस B रकान्यात, सुरुवात C मध्ये, शेवट D मध्ये आणि सुट्ट्यांची यादी H2:H10 मध्ये असेल तर एवढं पुरतं:

```
=D2-C2+1
=NETWORKDAYS.INTL(C2,D2,11,$H$2:$H$10)
=WORKDAY.INTL(C2-1,B2,11,$H$2:$H$10)
```

पहिलं कॅलेंडरचे दिवस देतं, दुसरं कामाचे. तिसरं लिहिलेल्या दिवसांवरून शेवटची तारीख काढतं. 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. हा आकडा विसरू नका. साधं NETWORKDAYS वापरलंत तर ते शनिवारही सुट्टीत टाकतं, सेंटरिंगचे १० ऐवजी ९ दिवस दाखवतं आणि बरोबर असलेली ओळ चूक ठरते. C2-1 का? सूत्र सुरुवातीचा दिवस मोजत नाही, म्हणून एक दिवस मागून निघायचं. तिसऱ्या सूत्रात प्लास्टर १२ फेब्रुवारीपासून १० दिवस घातलं की शेवट २१ ऐवजी २४ फेब्रुवारी येतो. त्या एका ओळीत तीन तारखा पुढे.

तक्त्याचा खरा धोका तारखांच्या रूपात असतो. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर 5/1/2026 ही ५ जानेवारी न राहता १ मे होते आणि 15/1/2026 ला पंधरावा महिना नसल्यामुळे ती नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे: काही तारखा खान्याच्या उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे. डावीकडच्या म्हणजे अक्षरं. हे दिसलं की सूत्रांकडे बघूही नका, आधी तारखा दुरुस्त करा.

आणि एक गोष्ट तक्त्याला दिसतच नाही. वीटकामाची ओळ त्याच्या लेखी निर्दोष आहे: लिहिलेत १२, मोजले १२. पण ती सुरू होते २९ जानेवारीला, आणि टेकू ३० तारखेपर्यंत जागेवर राहायचेत. सेंटरिंग काढण्याची तारीखच टेकूंच्या मुदतीच्या आत घुसली आहे. प्रत्येक ओळ स्वतःशी जुळते, शेजारणीशी नाही. या कागदातली सर्वांत गंभीर चूक मला हीच वाटली, कारण बाकीच्या चुकांनी फक्त उशीर होतो, इथे स्लॅबचा प्रश्न आहे.

प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर

एमएस प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं काम कशानंतर हे सांगता येतं, म्हणून असा घोळ तिथेच आपसूक बाहेर येतो. पण लोक एक चूक हमखास करतात: कागदावरच्या सगळ्या तारखा टंकून टाकतात. स्वयंचलित मांडणीत सुरुवातीची तारीख टंकली की सॉफ्टवेअर ‘याआधी सुरू नको’ असं बंधन घालून घेतं. मग दाखवलेली तारीख कामांच्या क्रमातून आली की तुम्ही टंकली म्हणून, हे समजत नाही. तपासणीसाठी फक्त पहिल्या कामाची तारीख द्या, बाकी ठिकाणी दिवस आणि आधीचं काम एवढंच. कॅलेंडर सोमवार ते शनिवार करून घ्या, कारण मूळ कॅलेंडरमध्ये शनिवारी सुट्टी असते. पाणी मारण्याच्या ओळीला `14ed` लिहा, म्हणजे ते दिवस सुट्ट्यांसह मोजले जातात. मग आलेल्या तारखा कागदाशेजारी ठेवून वाचा.

मावशीच्या कागदाचं असं झालं. वीटकाम ३१ जानेवारीला सुरू होऊन १३ फेब्रुवारीला संपतं. प्लास्टर १४ ते २६ फेब्रुवारी. फरशीचे दिवस ५ की ६ हे ठेकेदाराला विचारलं, तो म्हणाला सहाच. ते २७ फेब्रुवारीला सुरू होतात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात जातात. तिथे धुळवडीची सुट्टी आहे, जी सुट्ट्यांच्या नोंदीत नव्हती, कारण काम फेब्रुवारीतच संपणार असं धरलेलं होतं. ती धरून शेवट ६ मार्चला येतो: कॅलेंडरचे ६१ दिवस, कामाचे ५०.

मग तुम्ही काय वापरावं?

घराचं काम, ओळी दहाच्या आत आणि कागद एकदाच तपासायचा असेल तर कॅलेंडर पुरे, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त मोजून झाल्यावर प्रत्येक ओळीसमोर ‘याआधी काय संपायला हवं’ हे पेन्सिलने लिहा आणि त्या तारखेशी ताडून बघा. वीटकामाची चूक मला तशीच सापडली, सॉफ्टवेअर नंतर उघडलं.

ओळी पंचवीस-तीस असतील आणि कामं साधारण एकामागून एक असतील तर तक्ता. त्यात ‘आधीचं काम कधी संपतं’ असा एक जादा रकाना ठेवलात तर सॉफ्टवेअरची गरज बहुतेकांना पडत नाही. दोन-तीन टोळ्या एकाच वेळी काम करताहेत, एका कामाच्या आधी तीन कामं संपायला हवीत आणि तारखा दर आठवड्याला हलणार आहेत, अशा वेळीच सॉफ्टवेअर शिकण्याचे कष्ट वसूल होतात. त्यातही पहिल्या तीन ओळी मी हातानेच मोजतो. दिवस कोणत्या प्रकारचे आहेत हे ठरल्याशिवाय सॉफ्टवेअरला काय सांगणार?

तिघांपैकी कुणालाच न दिसणारी एक चूकही या कागदात होती: जी ओळ लिहिलेलीच नाही ती. वीटकाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी प्लास्टर सुरू दाखवलं होतं, भिंतींना पाणी मारायचे दिवसच नव्हते. मुकादमाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “पहिल्या भिंतींना पाणी चालू असतं ना, तोवर दुसऱ्या बांधतो. शेवटच्या खोलीचं प्लास्टर शेवटी घेऊ.” हे पटण्यासारखं होतं, पण शेवटची भिंत आणि तिचं प्लास्टर यांच्यात किती दिवस जाणार ते आम्ही तारखांसकट कागदावर लिहून घेतलं. मावशीने भाड्याच्या घराची मुदत १५ मार्चपर्यंत वाढवून घेतली.