मापाची चिठ्ठी, इंचातून सेंटीमीटरमध्ये : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लग्नाच्या ऑर्डरसाठी एकाच नमुन्याची चिठ्ठी गेले आठ महिने वापरात आहे. नवरीचे, तिच्या आईचे आणि करवल्यांचे मिळून अकरा ब्लाऊज तिच्यावरून शिवून झाले. ठाण्यातले बहुतेक शिंपी इंचातच बोलतात. नौपाड्यातल्या नेहमीच्या शिंप्याच्या वहीतली मापंही इंचातच होती. पण हे ब्लाऊज कापणारा कटिंग मास्टर ऐरोलीचा, पूर्वी एक्सपोर्टच्या कारखान्यात काम केलेला. त्याचे फर्मे सेंटीमीटरचे, टेपही तो सेंटीमीटरच्या बाजूनेच धरतो. त्यामुळे वहीतली मापं बदलून द्यावी लागली. काम गुणाकाराचं आहे, पण ब्लाऊज बिघडतो तो गुणाकाराच्या आजूबाजूला.

आधी चिठ्ठीच देतो. इथे आकडे देवनागरी आहेत, कागदावर मात्र इंग्रजी आकडेच लिहायचे. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि कटिंगच्या टेबलावर मराठी न वाचणारा कारागीरही असू शकतो.

मास्टर, नमस्कार.
नवरीच्या शालूचा ब्लाऊज आहे. अस्तर लावून, साधे टक, पुढे हूक.
मापं अंगाची आहेत, सेंटीमीटरमध्ये. यात लूज धरलेला नाही. छातीला एकूण ५ आणि खालच्या घेराला एकूण २.५ सेंटीमीटर लूज तुम्ही धरा.
उंची ३७, छाती ९१.५, खालचा घेर ७६.५, खांदा ३५.५, मुंढा गोल ४२.
बाही २६.५, दंडघेर २९.५, बाहीची मोरी २५.५.
पुढचा गळा १६.५, मागचा गळा २२.५. टक पॉइंट २४.१, दोन टकांमधलं अंतर १७.८.
बाजूच्या शिलाईत प्रत्येक तुकड्याला ४ सेंटीमीटर मार्जिन आत राहू द्या, छाटू नका.
ताळा : छाती इंचात ३६ होती. खालची रेघ बरोबर १० सेंटीमीटरची आहे, कापण्याआधी तुमचा टेप तिच्यावर लावून बघा.

एवढीच चिठ्ठी. तिच्यातली सगळ्यात कामाची ओळ लुजाची आहे, आणि पहिल्या दोन ब्लाऊजांच्या चिठ्ठीत नेमकी तीच नव्हती.

झालं काय ते नीट बघण्यासारखं आहे. इंचात काम करणारा शिंपी अंगाची छाती ३६ असली की सवयीने दोन वाढवतो, म्हणजे दोन इंच. तयार ब्लाऊज ३८, त्याचा चौथा भाग साडेनऊ इंच, म्हणजे २४.१ सेंटीमीटर. चिठ्ठीत नुसतं ‘छाती ९१.५, दोन लूज’ असं लिहून गेलं. इंचाचा तो ‘दोन’ बदलायचा राहून गेला. मास्टरने ९१.५ मध्ये दोन मिळवले, ९३.५ केले आणि चौथा भाग २३.४ धरून कापला. चौथ्या भागात फरक जेमतेम सात मिलिमीटरचा दिसतो, म्हणून कापताना कोणाला खटकलं नाही. पूर्ण घेरात मात्र तीन सेंटीमीटर कमी पडले. हुकं लागतात, आरशासमोर सरळ उभं राहिलं तर ठीकही दिसतं. हार घालायला हात पुढे केले की दोन हुकांमध्ये डोळ्यासारखी फट पडते आणि पाठीवर काखेपासून काखेपर्यंत आडव्या सुरकुत्या येतात. सुरकुत्या आडव्या असतील तर घेर कमी आहे असं समजायचं. त्या खांद्याकडून तिरक्या उतरत असतील तर दोष बहुधा खांद्याच्या उताराचा असतो, आणि तो बाजू उसवून जात नाही.

तेव्हापासून नियम असा की ताळ्याची ओळ सोडली तर कागदावरचा एकही आकडा इंचात राहू द्यायचा नाही, लूज आणि मार्जिनसुद्धा. दीड इंच मार्जिन म्हणजे ३.८, आम्ही ४ लिहितो. नुसतं ‘दीड’ लिहिलं आणि मास्टरने दीड सेंटीमीटर ठेवलं, तर लग्नाच्या आदल्या आठवड्यात ब्लाऊज सैल करायला आत कापडच उरत नाही.

आता गुणाकार. इंचाला बरोबर २.५४ ने गुणायचं. अनेकजण सोयीसाठी अडीचने गुणतात. तेव्हा ३६ चे ९० होतात आणि जवळपास दीड सेंटीमीटर हवेत जातो. तोंडी करायचंच असेल तर अडीचपट करून दर दहा इंचांमागे चार मिलिमीटर वाढवा : ३६ चे ९०, वर १.४, म्हणजे ९१.४. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करताना धोका वेगळा आहे. शिंप्याच्या वहीत १४.७ लिहिलेलं असतं ते पुष्कळदा चौदा इंच सात सूत असतं, आणि आठ सुतांचा एक इंच. म्हणजे तो आकडा १४.८७५ होतो आणि उत्तर ३७.८ येतं. तसाच १४.७ दाबला तर ३७.३. अर्धा सेंटीमीटर गेला, आणि चूक कुठे झाली ते कागदावर दिसतही नाही. वहीत टिंबानंतर ८ किंवा ९ कुठेच नसेल तर ती सुतं असण्याची शक्यता धरा आणि विचारून घ्या. फोनवर घेतलेल्या मापांत ‘पावणेपंधरा’ हा शब्द हमखास अडवतो. ऐकणाऱ्याने सव्वापंधरा लिहिलं की अर्धा इंच वाढला. ‘चौदा आणि पाऊण’ म्हणून घ्यावं.

टेप उलटा करून मागचा आकडा वाचणं हा आळशी उपाय इथे चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच टेपांवर इंच एका टोकापासून सुरू होतात आणि मागचे सेंटीमीटर दुसऱ्या टोकापासून. खांद्याच्या १४ इंचांवर उलटून बघितलं तर ११४ च्या आसपास काहीतरी दिसतं, आणि कोणीही हसून टेप परत सरळ करेल. पण दीडशे सेंटीमीटरच्या टेपच्या साधारण मध्यावर येणारं माप फसवतं. खालचा घेर ३० इंच, म्हणजे ७६.२. तोच बिंदू मागून वाचला तर ७३.८. दोन्ही आकडे खरे वाटतात, आणि फरक जवळपास एका इंचाचा आहे. ब्लाऊजचा खालचा घेर आणि साडीची कंबर बहुतेकींची याच पट्ट्यात येते.

अर्ध्या सेंटीमीटरला कुठे वर जायचं आणि कुठे खाली, यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं. छाती आणि घेर कापताना चारने भागले जातात, म्हणून अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तरी तुकड्यावर सव्वा मिलिमीटरच पडतो. ही मापं वरच्या अर्ध्यावर नेली तरी बिघडत नाही : ७६.२ चे ७६.५. दंडघेरही वर, कारण जेवताना बाही करकचली की संपलं. खांदा खाली, ३५.५६ चे ३५.५, कारण खांदा मोठा झाला की बाही घसरते. टक पॉइंट मात्र कुठेच भागला जात नाही, आणि दोन टकांमधलं अंतर फक्त दोनने भागलं जातं, म्हणून ही दोन मापं मिलिमीटरसकट लिहायची. गळ्याची खोलीही न भागता जशीच्या तशी कापडावर उतरते, आणि तो आकडा नेहमी कमीच करायचा. मागचा गळा ९ इंच, म्हणजे २२.८६. जवळचा अर्धा २३ असला तरी चिठ्ठीत २२.५ लिहिलं. उथळ गळा ट्रायलला खोल करता येतो, उलट करता येत नाही. त्यावर आरी वर्क असेल तर दोन्ही करता येत नाही. ते काम कापड कापण्याआधी, खुणा केलेल्या अखंड तुकड्यावर होतं. अशा ब्लाऊजच्या गळ्याचं माप आधी साध्या कापडाच्या कच्च्या शिलाईवर बघून घ्यावं, चिठ्ठीवर विसंबू नये.

पैठणीच्या बाहीचं गणित आणखी निराळं. तिथे लांबी हातापेक्षा काठच ठरवतो. साडेदहा इंच म्हणजे २६.६७, पण काठ आणि त्यावरची बुट्ट्यांची ओळ पूर्ण बसायला २६ किंवा २७.५ लागत असेल तर तोच आकडा लिहायचा आणि समोर ‘काठाप्रमाणे’ अशी नोंद करायची. नाहीतर मास्टर प्रामाणिकपणे २६.५ वर कात्री चालवतो आणि बुट्टी अर्धी तुटते.

सुरुवातीला इंच आणि सेंटीमीटर असे दोन रकाने दिले होते. ते बंद केले. कापताना नजर कधी या रकान्यात जाते, कधी त्या. एका ब्लाऊजला बाही सेंटीमीटरच्या रकान्यातून घेतली गेली आणि मोरी इंचाच्या; सुदैवाने फर्म्यावरच लक्षात आलं. आता इंच फक्त ताळ्याच्या ओळीत, एकाच मापाचे. मास्टरने ते एक माप पडताळलं की बाकीची रूपांतरं कोणत्या पद्धतीने केली तेही कळतं.

दहा सेंटीमीटरची रेघ स्टीलच्या पट्टीने आखायची. कापडी-प्लॅस्टिकचा टेप वापरून ताणला जातो, आणि ताणलेल्या टेपवर रेघ दहापेक्षा कमी भरते. दोन मिलिमीटर कमी भरली तर छातीच्या मापात जवळपास दोन सेंटीमीटरचा फरक होतो. चिठ्ठी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर रेघेचा काही उपयोग नाही, स्क्रीनवर ती हवी तेवढी होते. त्यामुळे कागदच पिशवीत, कापडाला टाचणीने लावून.

चिठ्ठीने भागत नाही अशा गोष्टीही आहेत. एक खांदा उतरता असणं, पाठीला किंचित पोक असणं हे आकड्यांत येत नाही. कटोरी ब्लाऊजला वरची मापं अपुरी पडतात. पॅडचा ब्लाऊज असेल तर माप कोणत्या अंतर्वस्त्रावर घेतलं ते लिहावं लागतं, कारण त्याने छाती आणि टक पॉइंट दोन्ही बदलतात. अकरापैकी दोन ब्लाऊज पॅडचे होते आणि दोन्हींना दुसरी ट्रायल लागली. उरलेल्या नवांपैकी लुजाची ओळ घातल्यानंतरचे सात एका ट्रायलमध्ये बसले. ठाण्याहून ऐरोलीची एक फेरी वाचते, आणि तुळशीच्या लग्नानंतर मास्टरचं दुकान भरलेलं असताना त्या फेरीपेक्षाही ट्रायलची तारीख मिळणं अवघड असतं.

अलीकडे एक ओळ वाढवली आहे : माप घेतल्याची तारीख. आषाढात घेतलेलं माप मार्गशीर्षातल्या लग्नाला तसंच राहील असं नाही, आणि नवऱ्या मधल्या काळात जिम लावतात. दोन महिन्यांहून जुनी तारीख दिसली की मास्टर कापण्याआधी फोन करून छाती आणि खालचा घेर, एवढी दोनच मापं पुन्हा मागून घेतो.