‘पेमेंट फेल नाही झालं’ याला इंग्रजी म्हणणारा डिटेक्टर: काही महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे ग्राहकांचे मेसेज येतात, ते भाषेनुसार वेगळे करायचे आणि त्या त्या माणसाकडे पाठवायचे, एवढ्याच कामासाठी ही भाषा ओळखणारी सेवा घेतली होती. मराठीची एक रांग, हिंदीची एक, इंग्रजीची एक. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण हा दोष एकट्या तिचा नाही. वेग, भाषांची संख्या वगैरे जाहिरातीत असतंच, ते सगळं खरं निघालं. शुद्ध मराठी परिच्छेद दिला तर चूक शोधून सापडत नाही. पण शुद्ध मराठी परिच्छेद तक्रारीत लिहितो कोण?

लिहायला बसलो तो या एका मेसेजमुळे:

```
payment fail nahi zala receipt ali nahi
```

सेवेचा निकाल: इंग्रजी. मेसेज गेला इंग्रजीच्या रांगेत, तिथल्या सहकाऱ्याला मराठी येत नाही. त्याला दिसलं ‘पेमेंट’, ‘फेल’, ‘रिसीट’. त्याने पेमेंट फेल झालं असं समजून रिफंडची प्रक्रिया सुरू केली. ग्राहकाचे पैसे व्यवस्थित पोचले होते, त्याला फक्त पावती हवी होती. सहकाऱ्याची चूक काढण्यात अर्थ नाही, त्याने त्याला समजलेले तिन्ही शब्द बरोबर वाचले.

आपण मिसळून लिहितो तेव्हा वस्तूंची नावं इंग्रजीतून येतात, पण काय झालं, काय नाही झालं, कोणाला हवंय, कधी हवंय हे सगळं मराठीत असतं. वरच्या वाक्यातून मराठी शब्द काढले तर अर्थ नुसता कमी होत नाही, उलटा होतो. ‘नाही’ मराठी बाजूला आहे.

आता मोजणी बघा. शब्द मोजले तर मराठी चार, इंग्रजी तीन, मराठी जिंकते. अक्षरं मोजली तर इंग्रजीची 18 आणि मराठीची 15, इंग्रजी जिंकते. यातले बरेच डिटेक्टर शब्द समजून घेत नाहीत, दोन-तीन-चार अक्षरांचे तुकडे पाडून कुठल्या भाषेत कुठले तुकडे जास्त येतात ते बघतात. लांब इंग्रजी नामांचे तुकडे जास्त पडतात. ‘आहे’, ‘पण’, ‘तर’, ‘नाही’ हे वाक्याचे खांब, पण रोमनमध्ये तीन-चार अक्षरांत संपतात. म्हणजे वाक्य मराठी ठरवणारे शब्दच मोजणीत सगळ्यात हलके.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की कॉन्फिडन्सची मर्यादा वाढवून पाहा. पाहिली. कॉन्फिडन्सच्या आकड्याबद्दल दोन शब्द, कारण यात बरेच जण फसतात. निकाल 0.58 इंग्रजी आला म्हणजे 58 टक्के मजकूर इंग्रजी असं नव्हे. माहीत असलेल्या सगळ्या भाषांमध्ये मिळून 1 वाटायचा असतो, त्यातला 0.58 एका भाषेला गेला, इतकंच. ‘मिश्र’ नावाचा खाना त्या वाटणीत नाहीच, तर त्याला वाटा मिळणार कुठून? मर्यादा वाढवल्यावर चुकीचे निकाल कमी झाले खरे, पण त्यांच्या जागी ‘अनिश्चित’ शिक्का मारलेला ढीग वाढला. पैसे मात्र अक्षरांवर. निकाल अनिश्चित आला तरी मीटर पडलेलं. तेव्हा मी मनातल्या मनात एक स्टार देऊन मोकळा झालो होतो.

मग देवनागरीतले मेसेजही चुकायला लागले आणि मत थोडं बदलावं लागलं. देवनागरीत मराठी लिहिलंय आणि तरी निकाल वाटेल तो. सेवेला शिव्या देण्याआधी मजकूर तिथे पोचतो कसा ते तपासलं. मेसेज पाठवण्याआधी विरामचिन्हं आणि इमोजी काढणारी एक छोटी स्क्रिप्ट आमच्याकडे आधीपासून होती, इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडते तशीच. तिचं काम हे असं:

```python
>>> import re
>>> re.findall(r"\w+", "रिसीटला")
['र', 'स', 'टल']
>>> re.findall(r"\w+", "receiptला")
['receiptल']
```

पायथनच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर, आकडा किंवा अधोरेषा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाहीत, चिन्हं आहेत, म्हणून ते सरळ गळतात आणि शब्द तिथे तुटतो. ‘रिसीटला’चं ‘र’, ‘स’, ‘टल’ झाल्यावर कुठलाही डिटेक्टर काय ओळखणार? हिंदी, मराठी, नेपाळी तिघींची लिपी एक. त्यांना वेगळं काढायला अख्खे शब्द लागतात, आणि आम्ही काना-मात्रा गाळून ते तोडून पाठवत होतो. उपाय दोन. एक तर `re` ऐवजी `regex` हे मॉड्यूल घ्यायचं, त्याचं `\w` या चिन्हांना धरून चालतं. नाहीतर लिप्या स्वतःच वेगळ्या करायच्या:

```python
re.findall(r"[A-Za-z]+|[\u0900-\u097F\u200C\u200D]+", text)
```

शेवटचे दोन कोड मुद्दाम घातलेत. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला अर्धा र काही कीबोर्ड `\u200D` हे न दिसणारं जोडचिन्ह टाकून लिहितात. ते विसरलात तर शब्द मधेच तुटतो आणि स्क्रीनवर बघून काहीच कळत नाही. हे दुरुस्त केल्यावर देवनागरी मेसेज बहुतेक सगळे नीट लागले, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेलेसुद्धा. ‘मीटिंग अटेंड करणार आहे’ला ही सेवा बिनचूक मराठी म्हणते. म्हणून एकाचे अडीच स्टार केले.

रोमनचं दुखणं मात्र तसंच राहिलं. म्हटलं फुकटातलं काही मिळतंय का बघू. गूगलचा CLD3 हा डिटेक्टर खुला आहे, पण त्याच्या भाषांच्या यादीत रोमन हिंदीसाठी `hi-Latn` असा खाना आहे आणि रोमन मराठीसाठी खानाच नाही. त्यामुळे रोमन मराठीला तिथे बरोबर उत्तर मिळूच शकत नाही, प्रश्नपत्रिकेत पर्यायच दिलेला नाही. fastText चं `lid.176.bin` 176 भाषा ओळखतं, मराठी त्यात आहे, पण ते शिकलंय मुख्यतः विकिपीडियासारख्या मजकुरावर. मराठी विकिपीडिया देवनागरीत आहे. ‘zala’ हा शब्द मराठी म्हणून त्याने बघायचा कुठे?

भारतीय भाषांसाठी मुद्दाम केलेली कामं आहेत. AI4Bharat चं IndicLID 2023 मध्ये आलं. त्यात रोमन मराठीला स्वतःचा खाना आहे, आणि नुसत्या रोमन मराठीसाठी तुम्हाला काही हवं असेल तर सुरुवात तिथूनच करा. त्याच वर्षी पुण्याच्या L3Cube ने खास मराठी-इंग्रजी मिश्र मजकुराचा साठा आणि त्यावर शिकवलेली मॉडेलं खुली केली. पण IndicLID सुद्धा पूर्ण मजकुराला एकच शिक्का देतं, आणि माझं भांडण त्या एका शिक्क्याशीच आहे.

शेवटी घरचंच काहीतरी जुळवलं, आणि आश्चर्य म्हणजे चाललं. तत्त्व साधं आहे: नामं मोजायचीच नाहीत. ‘पेमेंट’, ‘अकाउंट’, ‘फाइल’, ‘अपडेट’ कोणत्याही भाषेच्या वाक्यात येतात, त्यांना शून्य गुण. गुण फक्त वाक्य बांधणाऱ्या शब्दांना. मराठीकडून आहे, झाला, आली, मला, तुम्ही, पाहिजे, कधी, मध्ये, साठी, आणि त्यांची लोक करतात ती सगळी स्पेलिंगं (‘झाला’साठी zala, jhala, zhala, jala). इंग्रजीकडून the, is, was, of, my, not. हिंदीकडून hai, mujhe, kya, mein. ‘नाही’ला मुद्दाम गुण दिला नाही, कारण रोमनमध्ये ते हिंदीशी मिळतं. वरचा मेसेज या चाळणीतून गेला: zala आणि ali हे दोन मराठीचे, इंग्रजीचे शून्य. मराठीची रांग. एवढंच हवं होतं.

त्यानंतर प्रत्यय. ‘receiptla’, ‘accountmadhe’, ‘filechya’ हे अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी. शब्दाच्या शेवटी ला, ने, चा-ची-चे, च्या, मध्ये, वर, साठी यांपैकी काही आहे का आणि ते काढल्यावर उरलेला भाग इंग्रजी कोशात आहे का, हे बघायचं. असेल तर मराठीला दोन गुण, कारण इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय लावणारा माणूस हमखास मराठीतच बोलतोय. यापेक्षा भक्कम पुरावा मिळत नाही. पहिल्या फेरीत ‘done’ हा शब्द ‘do’ला ‘ने’ लावलेला ठरला आणि ‘none’ म्हणजे ‘no’ने! म्हणून दोन अटी: अख्खा शब्द आधी कोशात शोधा, तिथे सापडला तर हात लावू नका, आणि प्रत्यय काढून उरलेला भाग किमान चार अक्षरांचा हवा. एवढ्यावर तो गोंधळ थांबला. खरं सांगायचं तर या प्रत्ययांसाठीच हा सगळा लेख लिहिलाय. तीनही फुकट आणि एका विकतच्या पर्यायाने ज्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते ‘ला’ माझ्या वीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात जास्त काम करतं.

हरतं कुठे, तेही सांगतो:

```
are mug to pan sang na
```

अरे, मग तो पण सांग ना. अस्सल मराठी, आणि ‘na’ सोडून प्रत्येक शब्द इंग्रजी कोशात आहे. माझी चाळणी इथे कोऱ्या चेहऱ्याने शून्य-शून्य सांगते. यादीत ‘to’ आणि ‘are’ मराठी म्हणून घातले तर खरे इंग्रजी मेसेज मराठीच्या रांगेत येतात, म्हणून घातले नाहीत. ‘ok done’, ‘thanks sir’ असे दोन शब्दी मेसेजही तसेच. शून्य-शून्य आलं की मेसेज दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडे जातो, तो एका नजरेत ओळखतो.

विकतच्या सेवेचं नूतनीकरण केलं नाही. ज्यांच्याकडे मजकूर देवनागरीत येतो त्यांनी बेलाशक घ्यावी, फक्त आपली साफसफाईची स्क्रिप्ट आधी तपासावी. ज्यांचे ग्राहक रोमनमध्ये लिहितात त्यांनी फुकटच्या चाचणीत आपलेच ‘नाही’ असलेले मेसेज टाकून बघावेत. सेवेच्या नमुना पानावर जी वाक्यं असतात त्यांत ‘नाही’ कुणीच म्हणत नाही.